‘पॉवर बीआय अनिवार्य’ असलेल्या नोकरीला पॉवर बीआय न वापरता केलेला अर्ज

मे महिन्याच्या शेवटी पुण्यातल्या एका कंपनीची जाहिरात दिसली. पद सप्लाय चेन ॲनालिस्ट, अनुभव तीन ते पाच वर्षं, कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. कामाचं वर्णन वाचत गेले तर सगळं ओळखीचं: पुरवठादारांकडून आलेला माल, त्यातलं रिजेक्शन, महिन्याचा अहवाल, खरेदी विभागाच्या बैठकीसाठी आकडे. हेच तर मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात चार वर्षं करत होते. मग खाली आवश्यक कौशल्यांची यादी आली आणि तिथे ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: पॉवर बीआय (अनिवार्य), किमान दोन वर्षं.

पॉवर बीआय, म्हणजे डेटावरून अहवाल आणि चार्ट बनवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, आमच्या कारखान्यात नव्हतंच. लायसन्स कशाला घ्यायचं, एक्सेल आहे ना, हा साहेबांचा ठरलेला प्रश्न. त्यामुळे मी जे काही केलं ते एक्सेलमध्येच. जाहिरात दोन-तीन दिवस फोनमध्ये सेव्ह करून ठेवली, रोज उघडायची आणि बंद करायची. ताई, माझी मावसबहीण, पुण्यात एका आयटी कंपनीत भरतीचं काम बघते, तिला पाठवली. तिचा उलट प्रश्न आला, “तू एक्सेलमध्ये नेमकं काय करतेस ते सांग. ‘ॲडव्हान्स्ड एक्सेल’ सांगू नकोस.”

ते सांगताना माझं मलाच नीट दिसलं, म्हणून इथेही सविस्तर लिहिते. आमच्या तीन गोदामांतून दर महिन्याला ईआरपीमधून जीआरएनच्या, म्हणजे आलेल्या मालाच्या नोंदींच्या, सीएसव्ही फाइली यायच्या. आधीची पद्धत म्हणजे त्या एकाखाली एक चिकटवायच्या, व्हीलुकअप लावून पुरवठादारांची नावं आणायची आणि मग पिव्हट. त्यात एका गोदामात पुरवठादाराचा कोड V0123 असा, दुसऱ्यात v123 असा, आणि तिसऱ्यात कोडच्या शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा. दर महिन्याला अडीच-तीनशे ओळींपुढे `#N/A` यायचं आणि ते हाताने निस्तरायचं. मी ते सगळं पॉवर क्वेरीत हलवलं: एका फोल्डरमध्ये फाइली टाकायच्या, क्वेरी त्या एकत्र करते, कोडमधल्या जागा काढते, अक्षरं मोठी करते, शून्यं भरून सगळे कोड एका लांबीचे करते. तीन वर्षांचा डेटा साठला तेव्हा ओळी बारा लाखांच्या वर गेल्या. एक्सेलच्या एका शीटवर १०,४८,५७६ पेक्षा जास्त ओळी मावतच नाहीत, म्हणून डेटा शीटवर न आणता `Only Create Connection` निवडून थेट डेटा मॉडेलमध्ये टाकला. तिथे जीआरएन, पुरवठादार आणि कॅलेंडर ही तीन टेबलं जोडली आणि वरची गणितं एक्सेलमधल्याच पॉवर पिव्हटमध्ये, डॅक्स या सूत्रांच्या भाषेत लिहिली.

हे ऐकून ताई म्हणाली, “अगं, पॉवर बीआयच्या आत दुसरं काय असतं?”

तिचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. पॉवर बीआयमध्ये डेटा साफ करायला पॉवर क्वेरीच असते, मागे तीच एम भाषा. गणितं डॅक्समध्येच. ही दोन्ही इंजिनं आधी एक्सेलमध्ये आली आणि मग पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये. माझं रिजेक्शनचं मुख्य सूत्र पीपीएमचं, म्हणजे दहा लाख नगांमागे किती रिजेक्ट, ते एक्सेलच्या पॉवर पिव्हटमध्ये असं होतं:

```
Rejection PPM:=DIVIDE(SUM(GRN[RejQty]),SUM(GRN[RecdQty]))*1000000
```

आणि पॉवर बीआयमध्ये असं लिहावं लागतं:

```
Rejection PPM = DIVIDE(SUM(GRN[RejQty]),SUM(GRN[RecdQty]))*1000000
```

`:=` च्या जागी `=`. बाकी अक्षर न अक्षर तेच.

पण अर्ज चाळणारी व्यक्ती हे जाणतेच असं नाही. तिच्या हातात ‘पॉवर बीआय’ हा शब्द आहे आणि माझ्या रेझ्युमेत तो नाही. मधलं अंतर पत्रानेच भरायचं होतं.

पत्र लिहायच्या आधी ताईने रेझ्युमे मागवला. सध्याच्या नोकरीखाली माझी पहिली ओळ होती, ‘ॲडव्हान्स्ड एक्सेल वापरून एमआयएस अहवाल तयार करणे’. असं आपण सगळेच लिहितो. ताई म्हणाली, “पत्रात तू म्हणणार, रेझ्युमे बघा. आणि बघायला गेल्यावर त्यांना काय दिसणार? हे?” पत्रातलं बोट ज्या ओळीकडे जाणार ती ओळ आधी बोलायला हवी. त्यामुळे पहिला आठवडा पत्रावर न जाता त्या एका ओळीवर गेला. शेवटी ती अशी झाली (मूळ इंग्रजीत, इथे मराठीत देते): ‘तीन गोदामांच्या जीआरएन फाइली पॉवर क्वेरीने एकत्र करून, १२ लाखांहून अधिक ओळींचं डेटा मॉडेल पॉवर पिव्हटमध्ये उभं केलं, पुरवठादारनिहाय रिजेक्शन पीपीएम आणि आर्थिक वर्षाची चढती बेरीज डॅक्समध्ये, दोन दिवसांचं मासिक काम एका सकाळवर आलं.’ यात एकही नवी गोष्ट नाही, फक्त ‘ॲडव्हान्स्ड एक्सेल’च्या पोटात जे दडलं होतं ते नावानिशी बाहेर आणलं.

दुसरा प्रश्न कौशल्यांच्या यादीचा. नोकरीच्या पोर्टलवर भरती करणारे लोक शब्द टाकून शोधतात, तेव्हा ‘पॉवर बीआय’ रेझ्युमेत कुठेच नसेल तर आपण त्या शोधात येतच नाही. आणि सरळ यादीत टाकलं तर ते खोटं. यावर तोडगा असा काढला की यादीखाली वेगळी ओळ केली: ‘स्वतःच्या सरावात: पॉवर बीआय डेस्कटॉप (नोकरीत वापर नाही)’. कंस मुद्दाम ठेवला. पण ही ओळ लिहायची तर सराव खरंच करायला हवा होता.

नाशिकमधल्या एका क्लासने पॉवर बीआयसाठी बावीस हजार सांगितले, शनिवार-रविवार, तीन महिने. तीन महिन्यांनी जाहिरात थोडीच थांबणार होती, आणि प्रमाणपत्र मिळालं तरी ‘दोन वर्षं’च्या रकान्यात ते बसत नाही. पॉवर बीआय डेस्कटॉप मायक्रोसॉफ्ट फुकट देतं, फक्त विंडोज लागतं. माझा लॅपटॉप जुना, मोठा डेटा उघडला की अडकायचा, म्हणून रॅम वाढवून घेतली, अडीच हजारांच्या आसपास खर्च आला. या सबंध प्रकरणातला तो सगळ्यात मोठा खर्च.

कंपनीची फाइल घरी आणायची नाही हे पहिल्याच दिवशी ठरवलं. पुरवठादारांची नावं, भाव, रिजेक्शन हा आतला माल आहे; तो दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीत उघडला तर समोरचा पहिला विचार हाच करेल की ही उद्या आमचाही डेटा अशीच दाखवेल. म्हणून त्याच रचनेचा खोटा डेटा बनवला: पुरवठादार ‘अ’, ‘ब’, ‘क’, तशाच तीन गोदामांच्या सीएसव्ही, आणि कोडमधला तोच गोंधळ मुद्दाम पेरलेला. त्यावर आधी एक्सेलमध्ये माझं नेहमीचं मॉडेल उभं केलं आणि मग पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये `File > Import > Power Query, Power Pivot, Power View` या वाटेने ती एक्सेल फाइल आत घेतली. क्वेरी आल्या, टेबलं आली, त्यांच्यातली नाती आली, सूत्रंही आली. शीटवरचे पिव्हट आणि चार्ट मात्र येत नाहीत, ते पडद्यावर नव्याने मांडावे लागतात. त्या मांडणीतच माझे बरेच रविवार गेले, कारण दिसण्याची बाजू एक्सेलपेक्षा खरंच वेगळी आहे. स्लायसर कुठल्या चार्टवर चालावा आणि कुठल्यावर नाही, हे ठरवायला नवा मेनू शिकावा लागतो.

पुढचं पाऊल म्हणजे अहवाल प्रसिद्ध करून लोकांना दाखवणं, आणि तिथे भिंत आली. पॉवर बीआय सर्व्हिसवर, म्हणजे अहवाल ऑनलाइन ठेवायच्या जागी, खातं उघडायला ऑफिसचा किंवा कॉलेजचा ईमेल लागतो, जीमेल चालत नाही. ऑफिसचा ईमेल वापरून दुसरीकडच्या नोकरीची तयारी करणं मला पटलं नाही. म्हणजे वर्कस्पेस, ठरावीक वेळी आपोआप होणारं रिफ्रेश, कारखान्याच्या सर्व्हरवरच्या फाइलींपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारा गेटवे, हे सगळं मला फक्त वाचून माहीत होतं. ही उणीव घरी बसून भरून निघण्यातली नव्हती. ती पत्रात लिहावी की नाही यावर ताई आणि मी बराच वेळ फोनवर घासाघीस केली.

माझा पहिला मसुदा माफीनाम्यासारखा होता. ‘जरी मला पॉवर बीआयचा अनुभव नसला तरी मी मेहनती असून लवकर शिकेन’ अशी सुरुवात. ताईने तो वाचून एवढंच विचारलं, “लवकर शिकणार नाही असं कोणी लिहितं का?” मग दुसऱ्या मसुद्यात मी उलट्या टोकाला गेले, उणीव कुठेच नाही, नुसतं ‘पॉवर बीआयसारख्याच साधनांचा भरपूर अनुभव’. हा तिला जास्त खटकला. तिच्या मते वाचणाऱ्याला दोन सेकंदांत कळतं की ‘सारख्याच’ म्हणजे तेच नाही, आणि मग तो बाकीचं पत्रही संशयाने वाचतो. शेवटी ठरलं ते असं: उणीव दुसऱ्या परिच्छेदात, एका छोट्या वाक्यात, विशेषणं न लावता. तिच्या लगेच पुढे पुरावा आणि तो रेझ्युमेत कुठे आहे त्याचा पत्ता. आणि पुराव्यातून जे सिद्ध होत नाही तेही स्वतःहून. जाहिरातीत ‘असल्यास उत्तम’ खाली पायथनही होतं. त्याचा उल्लेखच करायचा नाही, कारण न मागितलेल्या कमतरतांची यादी देणं हे पत्राचं काम नाही.

पाठवलेलं पत्र इंग्रजीत होतं. मराठीत ते साधारण असं:

> सप्लाय चेन ॲनालिस्ट या पदासाठी अर्ज करत आहे. सध्याच्या नोकरीत मी तीन गोदामांच्या जीआरएनवरून पुरवठादारनिहाय रिजेक्शनचा मासिक अहवाल तयार करते. आपल्या जाहिरातीतलं पहिलं काम हेच आहे.
>
> जाहिरातीत पॉवर बीआय अनिवार्य आहे. नोकरीत मी ते वापरलेलं नाही. वरचे अहवाल मी एक्सेलमधल्या पॉवर क्वेरी आणि पॉवर पिव्हटवर बांधले आहेत. त्यांतल्या एम आणि डॅक्स याच भाषा पॉवर बीआयमध्ये चालतात. रेझ्युमेच्या पहिल्या पानावर, सध्याच्या नोकरीखालचा पहिला मुद्दा या कामाचा आहे.
>
> अहवाल पॉवर बीआय सर्व्हिसवर प्रसिद्ध करणं, गेटवे आणि वापरकर्त्यांचे अधिकार हा भाग एक्सेलमध्ये येत नाही आणि तो मी केलेला नाही. हीच रचना काल्पनिक डेटावर पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये उभी केली आहे; ती फाइल मुलाखतीत उघडून दाखवू शकेन.
>
> नोटिस पिरियड ६० दिवसांचा आहे. पुण्यात राहायला येण्याची तयारी आहे.

एवढंच. इंग्रजीत ते दीडशे शब्दांच्या आसपास भरलं. पत्र वेगळी फाइल म्हणून जोडलं नाही, ईमेलच्या मजकुरातच टाकलं, कारण जोडलेल्या दोन फाइलींपैकी रेझ्युमेच उघडला जातो असं ताईचं म्हणणं. विषयाच्या ओळीत पद, जाहिरातीतला क्रमांक आणि माझं नाव.

ईमेलच का, तर पोर्टलवरून आधी अर्ज करून झाला होता. तिथे अर्जासोबत एक प्रश्न येतो, ‘पॉवर बीआयचा अनुभव किती वर्षं?’ आणि रकान्यात फक्त आकडा बसतो. मी शून्य भरलं. ऑफिसमधला एक मित्र म्हणाला की दोन टाक, पुढचं पुढे बघू, सगळे तेच करतात. करत असतीलही. पण मग पत्रात ‘नोकरीत वापरलेलं नाही’ आणि फॉर्मवर ‘दोन’, असे दोन कागद एकमेकांच्या विरोधात उभे राहिले असते. शून्य भरल्याची किंमतही लगेच दिसली: पोर्टलवरच्या अर्जाची स्थिती ‘पाठवला’च्या पुढे सरकलीच नाही. ज्या रकान्यात आकडाच बसतो तिथे पत्राचा उपयोग नसतो, हे धरून चाला. जाहिरातीखाली एचआरचा ईमेल दिलेला होता म्हणून ही दुसरी वाट मिळाली. तो नसता तर ओळखीतून कोणी आतलं शोधावं लागलं असतं.

जूनच्या मध्यावर ईमेल पाठवला. मग काहीच नाही. दहा-बारा दिवसांनी दोन ओळींचं स्मरणपत्र त्याच ईमेलच्या उत्तरात पाठवलं, म्हणजे मूळ पत्र खाली दिसत राहतं. त्या दिवसांत फोन वाजला की पोटात गोळा यायचा आणि बहुतेक वेळा तो क्रेडिट कार्डवाल्यांचा निघायचा. जून संपता संपता एचआरचा फोन आला. सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटिस पिरियड कमी होईल का, हे नेहमीचे प्रश्न, आणि मग, “तुम्ही पत्रात लिहिलंय की पॉवर बीआय केलेलं नाही, तरी आमच्या मॅनेजरांना तुमच्याशी बोलायचंय.” ‘तरी’वर त्यांनी जोर दिल्यासारखं मला वाटलं, पण मी तो विचार बाजूला सारला.

ऑनलाइन फेरी अर्ध्या तासाची होती, जवळपास सगळी एसक्यूएलची. खरी परीक्षा जुलैमध्ये पुण्याला, प्रत्यक्ष. एक दिवसाची रजा टाकली, सकाळची बस पकडली, जाऊन-येऊन हजार-बाराशे रुपये गेले. सोबत पेन ड्राइव्ह आणि स्वतःचा लॅपटॉप दोन्ही नेले, आणि ते बरं झालं, कारण बाहेरचा पेन ड्राइव्ह त्यांच्या मशीनला लावू देत नाहीत.

मॅनेजरांनी माझं पत्र छापून समोर ठेवलं होतं, दुसऱ्या परिच्छेदाखाली पेनाची रेघ. त्यांनी पॉवर बीआयबद्दल एकही प्रश्न थेट विचारला नाही. पहिला प्रश्न असा: “एका पुरवठादाराने १०० नग दिले, ५ रिजेक्ट. दुसऱ्याने ९,९०० दिले, त्यातलेही ५ रिजेक्ट. तुमच्या अहवालात दोघांचं मिळून पीपीएम किती दिसेल?”

पहिल्याचं पीपीएम ५०,०००. दुसऱ्याचं सुमारे ५०५. दोघांची सरासरी काढली तर २५,००० च्या वर जाते, आणि तो आकडा बैठकीत दाखवला तर गहजब होईल. खरं उत्तर १०,००० नगांत १० रिजेक्ट, म्हणजे १,०००. माझ्या सूत्रात आधी दोन्ही बेरजा होतात आणि मग भागाकार, म्हणून एकूण ओळीतही १,००० येतो. तेच गणित टेबलातल्या प्रत्येक ओळीसमोर कॉलम म्हणून करून वर सरासरी घेतली असती तर चुकलं असतं. हा मेझर आणि कॅल्क्युलेटेड कॉलम यांच्यातला फरक आहे, आणि तो एक्सेलमध्ये शिकलात काय किंवा पॉवर बीआयमध्ये शिकलात काय, एकच. मी सूत्र कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी लगेच पुढचं विचारलं, वर्षाची चढती बेरीज एप्रिलपासून कशी सुरू कराल? `TOTALYTD` ला वर्ष संपण्याची तारीख वेगळी सांगितली नाही तर ते ३१ डिसेंबर धरतं, म्हणून ३१ मार्च द्यावी लागते, आणि कॅलेंडरचं टेबल सलग तारखांचं हवं. हे रोजच्या कामातलं होतं, उत्तर द्यायला विचार करावा लागला नाही.

मग त्यांच्या लॅपटॉपवर पॉवर बीआय उघडून दोन सीएसव्ही दिल्या आणि पुरवठादारनिहाय पीपीएम मांडायला सांगितलं. पॉवर क्वेरीची खिडकी उघडली आणि जीवात जीव आला, बटणंसुद्धा ओळखीची. डेटा साफ करून सूत्र लिहीपर्यंत हात भरभर चालले. चार्टच्या रंगरूपाशी आल्यावर वेग मंदावला आणि ते त्यांना दिसत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, नाशिकच्या माणसाला फक्त नाशिकचे पुरवठादार दिसावेत असं कराल? मी म्हटलं, डेस्कटॉपमध्ये रोल बनवून `View as` ने तपासून पाहिलंय, पण त्या रोलमध्ये माणसं जोडायचं काम सर्व्हिसवर होतं आणि ते मी केलेलं नाही. ते म्हणाले, “हो, ते लिहिलंय तुम्ही,” आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. तिसरा परिच्छेद ठेवल्याचा फायदा मला त्या क्षणी कळला. तो नसता तर हाच प्रश्न मला पकडण्यासाठी विचारल्यासारखा झाला असता.

परतीच्या बसमध्ये मला वाटत होतं की काम होणार नाही. तीन आठवडे काहीच कळलं नाही. मग ऑगस्टमध्ये एचआरचा ईमेल, त्यात कागदपत्रांची यादी: तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, आधीच्या नोकरीचं रिलिव्हिंग लेटर, यूएएन, पदवीची गुणपत्रकं. पार्श्वभूमी तपासणीच्या फॉर्मवर शेवटी सही करायची होती की रेझ्युमे आणि अर्जातली सगळी माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास नोकरी कधीही जाऊ शकते. पोर्टलवर ‘दोन’ भरले असते तर त्या सहीपाशी हात थबकला असता. पगार अपेक्षेपेक्षा थोडा कमी आला. एचआरने कारण सांगितलं की अनिवार्य कौशल्याचा अनुभव नाही. मी थोडं ताणून पाहिलं, ते जागचे हलले नाहीत, मी घेतलं. उणीव स्वतःहून सांगितली की ती पगाराच्या बोलणीत वापरली जाते, हे मनात धरूनच हा मार्ग घ्या. सहा महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये मायक्रोसॉफ्टची PL-300 ही पॉवर बीआयची परीक्षा द्यायची अट घातली, फी कंपनीची.

हे ऐकून आमच्या शेजारच्या दादाने, जो टॅलीवर हिशेब लिहितो, सॅप मागणाऱ्या एका जाहिरातीसाठी माझं पत्र मागितलं. मी त्याला आहे तसं देऊ नको म्हटलं, कारण त्याची गोष्ट वेगळी आहे. टॅली आणि सॅप यांच्यात एक भाषा नाही. पडदे वेगळे, कोड वेगळे. त्याच्याकडे जे आहे ते म्हणजे पर्चेस ऑर्डर, जीआरएन आणि बिल यांचा मेळ घालून मगच पैसे सोडण्याची सवय. सॅपमध्ये MIRO मध्ये बिल नोंदवताना हाच मेळ लागतो. तेव्हा त्याच्या पत्रात ‘साधन जवळजवळ तेच’ म्हणता येणार नाही, ‘प्रक्रिया तीच, पडदा नवा’ एवढंच म्हणता येईल, आणि त्याच्या रेझ्युमेत महिन्याला किती बिलं, किती फरक पकडले, हे दिसायला हवं. टॅब्लोवरून पॉवर बीआयकडे जाणाऱ्याचंही असंच: चार्टची समज सोबत येते, डॅक्स येत नाही. आणि जिथे ते साधन हीच नोकरी आहे, म्हणजे पॉवर बीआय ॲडमिन किंवा सॅप कन्सल्टंट, तिथे असं पत्र पाठवून वेळ घालवू नये असं माझं मत आहे.

ऑक्टोबरमध्ये रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात गेटवेशी गाठ पडली: सकाळच्या बैठकीचा अहवाल जुनाच दिसत होता, कारण गेटवे ज्या कॉम्प्युटरवर बसवला होता तो कोणीतरी रात्री बंद केला होता. आयटीवाल्या दादांनी तो चालू करून दाखवला आणि प्रो लायसन्सवर दिवसाला जास्तीत जास्त आठच वेळा रिफ्रेश लावता येतं, म्हणून वेळा विचार करून ठेवा असं सांगितलं. आता सकाळी सातचं एक आणि दुपारच्या शिफ्टनंतर एक ठेवलं आहे. PL-300 ची तारीख डिसेंबरची घेतली आहे. त्यातला सर्व्हिस आणि अधिकारांचा भाग अजून कच्चा आहे, त्यावर ज्यांनी अभ्यास केला असेल त्यांनी कुठून केला ते सांगा.